सोन्याचे नॅनोपार्टिकल लाल का दिसतात?

प्रश्न: गोल्ड नॅनोपार्टिकलचं सोल्युशन पिवळं सोडून लाल का दिसतं, आणि साइज बदलली की रंग का बदलतो?

सोन्यातले मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या लाटेबरोबर एकत्र हेलकावे खातात, आणि २० नॅनोमीटरच्या गोल कणात हा हेलकावा ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाच्या आसपास सगळ्यात जोरात होतो, म्हणजे हिरवा प्रकाश शोषला जातो आणि उरलेला लाल आपल्याला दिसतो. यालाच सरफेस प्लाझमॉन रेझोनन्स म्हणतात.

आता साइजचं बघ, कण १०० नॅनोमीटरपर्यंत वाढवला तरी शोषणाचा पीक, म्हणजे ज्या तरंगलांबीला प्रकाश सगळ्यात जास्त शोषला जातो ते टोक, जेमतेम ५७०पर्यंत सरकतो, फक्त रुंद होतो आणि स्कॅटरिंग, म्हणजे प्रकाश विखुरणं, वाढतं.

खरी गंमत आकारात आहे. तोच कण लांबट रॉड केला की दोन पीक येतात, आडव्या दिशेचा ५१०-५२०लाच राहतो पण लांबीच्या दिशेने इलेक्ट्रॉनना मागे खेचणारं बळ कमी पडतं, म्हणून लांबी रुंदीच्या चौपट असेल तर दुसरा पीक पाण्यात थेट ८००च्या जवळ, इन्फ्रारेडमध्ये जातो.

एक मात्र लक्षात ठेव, कणांना एकमेकांपासून लांब ठेवणाऱ्या सायट्रेटवाल्या लाल सोल्युशनमध्ये मीठ पडून ते निळं-जांभळं झालं तर कण वाढले असं समजू नको, ते एकमेकांना चिकटलेत. स्पेक्ट्रममध्ये ५२०चा पीक खाली बसतो आणि ६००-७००कडे रुंद फुगवटा येतो, त्यावरून लगेच कळतं.