लांब उडी आणि तिहेरी उडीचा फाउल कसा ठरतो, मोजमाप कुठून कुठपर्यंत?

प्रश्न: "जिल्हास्तरीय मैदानी स्पर्धा बघायला आठवी-नववीची मुलं नेणार आहे. धावणं त्यांना कळतं, पण लांब उडी आणि तिहेरी उडीला लाल झेंडा का लागला, एवढी लांब पडलेली उडी कमी का मोजली, हे विचारतात आणि मला नीट सांगता येत नाही. कसं समजावू?"

मुलांना दोनच गोष्टी दाखवून ठेवा: फळीची वाळूकडची कड आणि वाळूत उमटलेली, त्या कडेच्या सगळ्यांत जवळची खूण. बहुतेक फाउल आणि सगळं मोजमाप या दोन जागांवरून ठरतं.

आधी फळी. ती 20 सेंटिमीटर रुंद, पांढरी आणि धावपट्टीच्या पातळीत बसवलेली असते. तिची वाळूकडची कड म्हणजे टेक-ऑफ रेषा. फळीवर पाय कुठेही पडला तरी चालतो. फळीच्या अलीकडून उडी मारली तरी फाउल नाही, फक्त तेवढं अंतर वाया जातं. उडी घेताना बुटाचा कोणताही भाग रेषेच्या पुढे गेला, की लाल झेंडा. पूर्वी रेषेपुढे लावलेल्या प्लास्टिसिनच्या मऊ, मातीसारख्या थरावर बुटाचा ठसा उमटला तरच फाउल धरत. नोव्हेंबर 2021 पासून नियम बदलला. आता रेषेवर उभी काच धरली आहे असं समजायचं आणि बुटाचं टोक तिच्या पलीकडे गेलं तर फाउल, मग ते जमिनीला टेकलेलं असो वा वर उचललेलं. त्यामुळे प्लास्टिसिन स्वच्छ असूनही लाल झेंडा लागू शकतो. मुलांच्या "सर, ठसा तर नाही!" या तक्रारीचं उत्तर हेच. खेळाडू उडी न मारता नुसता धावत रेषेपलीकडे गेला तरी तो प्रयत्न फुकट जातो. रेषेच्या आधीच थांबला, तर मात्र दिलेल्या वेळात मागे जाऊन पुन्हा धावता येतं. ही वेळ साधारणपणे एक मिनिट असते.

फाउल बघायचा असेल तर मुलांना धावपट्टीच्या बाजूला, रेषेच्या अगदी सरळीत बसवा. पंचाची खुर्चीही तिथेच असते. पंधरा-वीस फूट पुढून किंवा मागून पाहिलं, तर पाय प्रत्यक्षात असतो त्याहून पुढे किंवा मागे दिसतो, आणि गॅलरीतले निम्मे वाद यातूनच होतात. एक भ्रम मात्र आधीच काढून टाका: रन-अपमध्ये धावपट्टीच्या बाजूच्या पांढऱ्या रेषेवर पाय पडणं हा फाउल नाही. कोलांटी मारून उडी घेणं मात्र फाउल आहे.

आता वाळू. समजा, एका मुलीने फळीच्या कडेच्या 12 सेंटिमीटर आधीच पाय टाकला. टाचा वाळूत 5.62 मीटरवर रुतल्या, पण तोल मागे गेला आणि हात 5.31 मीटरवर टेकला. उडी 5.31 धरली जाते. टाचांची खोल खूण सगळ्यांना दिसते, हाताची पुसट खूण पंचांनाच दिसते, म्हणून आकडा ऐकून मुलं चक्रावतात. हात, कंबर, वेणीचं टोक, यापैकी ज्याने फळीच्या सगळ्यांत जवळ वाळू मोडली, तिथून मोजायचं. फळीच्या आधी सुटलेले 12 सेंटिमीटर तिला परत मिळत नाहीत, कारण मोजणी रेषेपासून होते, पाय उचलला त्या जागेपासून नाही.

टेपचं शून्य वाळूतल्या खुणेवर धरतात आणि आकडा फळीच्या कडेवर वाचतात. टेप रेषेला काटकोनात हवा. हीच गोष्ट शालेय स्पर्धांत सर्वाधिक चुकते. वरच्याच उदाहरणात ती मुलगी मध्यापासून एक मीटर बाजूला पडली आणि टेप फळीच्या मध्यापासून तिरका ओढला, तर 5.31 ऐवजी 5.40 येतील. नऊ सेंटिमीटर फुकटात! खूण फळीच्या टोकाबाहेर पडली असेल, तर रेषा बाजूला वाढवून तिच्यावर काटकोन घ्यायचा. सेंटिमीटरच्या खालचा तुकडा सोडून देतात, म्हणजे 5.318 आले तरी 5.31 च लिहायचे. कोरडी वाळू असेल तर खुणेची कड ढासळते आणि नेमकी जागा सापडत नाही, म्हणून ती पाणी मारून ओलसर ठेवतात आणि प्रत्येक उडीनंतर दंताळ्याने फळीच्या पातळीला सपाट करतात.

झेंडा उशिरा का, हेही विचारतील. उडी पडल्यावर काम संपत नाही. वाळूतून बाहेर पडताना खेळाडूचा पहिला पाय खड्ड्याच्या काठावर किंवा बाहेर जिथे टेकतो, ती जागा वाळूतल्या जवळच्या खुणेपेक्षा फळीपासून लांब हवी. आपल्या मुलीने 5.31 च्या अलीकडे बाजूने पाय बाहेर टाकला असता, तर एवढी चांगली उडीही बाद झाली असती. म्हणून सराव असलेले खेळाडू पुढून निघतात. नीट बाहेर आल्यावर मग वाळूतून परत चालत गेलं तरी हरकत नाही.

तिहेरी उडीत फळी आणि मोजमापाचे नियम हेच. वेगळं एवढंच, की फळी वाळूपासून बरीच मागे असते: आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पुरुषांसाठी 13 मीटर, महिलांसाठी 11, आणि शालेय स्पर्धेत मुलांच्या ताकदीनुसार कमी. पावलांचा क्रम मुलांना मोठ्याने म्हणायला लावा: "डावा, डावा, उजवा, वाळू." ज्या पायाने उडी घेतली त्याच पायावर पहिला टप्पा, दुसरा टप्पा दुसऱ्या पायावर, आणि मग शेवटची झेप. उजव्याने सुरुवात केली तर उलट. क्रम चुकला की फाउल. पण मधे लोंबणारा दुसरा पाय जमिनीला घासला तर आता फाउल नाही. जुने जाणकार अजून तो फाउल सांगतात, त्यांचं ऐकू नका. टप्पे धावपट्टीच्या बाजूच्या रेषेवर पडले तरीही चालतं. शेवटची उडी मात्र वाळूतच पडायला हवी. फळी फार मागे असेल तर नवखी मुलं वाळूपर्यंत पोचतच नाहीत, आणि तो दोष बहुतेक वेळा फळीच्या जागेचा असतो.

वाऱ्याचं यंत्र जिल्हा पातळीवर क्वचित दिसतं, तरी एक गोष्ट माहीत असावी. मागचा वारा सेकंदाला 2.0 मीटरपेक्षा जास्त असेल तर उडी विक्रम म्हणून धरत नाहीत, पण त्या स्पर्धेतल्या क्रमांकासाठी धरतात. टोकियोत 1991 साली कार्ल लुईसने लांब उडीत 8.91 मारली तेव्हा वारा 2.9 होता. त्याच स्पर्धेत माइक पॉवेलने 0.3 वाऱ्यात 8.95 मारून सुवर्ण आणि विश्वविक्रम दोन्ही नेले.

शेवटी कागद-पेन्सिल द्या आणि प्रत्येकाचे सगळे प्रयत्न लिहायला सांगा, नुसता सर्वोत्तम नाही. दोघांची सर्वोत्तम उडी सारखी असेल तर प्रत्येकाची त्याखालोखालची चांगली उडी बघतात. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत लांब उडीत मुरली श्रीशंकर आणि बहामाचा लाक्वान नेर्न दोघांचीही सर्वोत्तम उडी 8.08 होती. नेर्नची त्याखालोखालची उडी 7.98, श्रीशंकरची 7.84, त्यामुळे सुवर्ण नेर्नला गेलं. त्याच स्पर्धेत तिहेरी उडीत एल्डोज पॉलने 17.03 ने सुवर्ण आणि अब्दुल्ला अबूबकरने 17.02 ने रौप्य मिळवलं. हे आकडे सांगितलेत, की टेप काटकोनात धरला आहे की नाही ते मुलं आपणहून बघू लागतील.