विक्री, भाव आणि खर्च: कोणता मॅट्रिक्स आधी, कोणता नंतर?

प्रश्न: मॅट्रिक्सचा गुणाकार मला येतो. पण ‘दोन दुकानांत इतका माल विकला, भाव असा, खर्च असा, नफा काढा’ असं शाब्दिक उदाहरण आलं की ओळीत काय लिहायचं, स्तंभात काय आणि कोणता मॅट्रिक्स आधी घ्यायचा ते कळत नाही. कसं ठरवायचं?

उत्तर:

आकडे थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी पाट्या लावा. प्रत्येक आडव्या ओळीसमोर आणि प्रत्येक उभ्या स्तंभाच्या डोक्यावर ती कशाची आहे ते शब्दांत लिहायचं. क्रम ठरतो तो या पाट्यांवरून. नुसता २ × ३ आणि ३ × १ असा आकार जुळला म्हणून गुणाकार बरोबर असतोच असं नाही. तो धोका पुढे दाखवतो.

एक उदाहरण घेऊ. नागपुरात एका मिठाईवाल्याची दोन दुकानं आहेत, एक बर्डीला आणि एक महालात. तो संत्रा बर्फी, चिवडा आणि शेव विकतो. एका दिवसात बर्डीला २० किलो बर्फी, १५ किलो चिवडा आणि १० किलो शेव गेली. महालात १२ किलो बर्फी, २५ किलो चिवडा आणि ३० किलो शेव गेली. किलोचा भाव अनुक्रमे ६००, ३२० आणि २८० रुपये, तर किलोमागे खर्च ४५०, २२० आणि २०० रुपये. (आकडे हिशेब सोपा जावा म्हणून घेतले आहेत.) प्रत्येक दुकानाचा नफा काढायचा आहे.

पहिला प्रश्न स्वतःला असा विचारा: शेवटी उत्तर कोणत्या पाट्यांचं हवं? इथे ‘दुकान’ आणि ‘रुपये’. म्हणजे उत्तरात ओळी दुकानांच्या, स्तंभ रुपयांचा. मग दिलेल्या माहितीत दुकानापासून रुपयांपर्यंत पोचायची वाट शोधायची. विक्री सांगते कोणत्या दुकानात कोणता पदार्थ किती किलो गेला. भाव सांगतो कोणत्या पदार्थाच्या किलोला किती रुपये. दुकान ते पदार्थ आणि पदार्थ ते रुपये, अशी ती वाट आहे. मधे ‘पदार्थ’ दोन्हीकडे आला, म्हणून तो आतल्या बाजूला यायला हवा: पहिल्या मॅट्रिक्सच्या स्तंभांवर आणि दुसऱ्याच्या ओळींवर, शिवाय दोन्हीकडे त्याच क्रमाने.

विक्रीला A आणि भावाला B म्हणू.

```
A =            बर्फी  चिवडा  शेव
     बर्डी      २०     १५    १०
     महाल       १२     २५    ३०

B =            रुपये/किलो
     बर्फी      ६००
     चिवडा      ३२०
     शेव        २८०
```

AB मधला बर्डीचा आकडा म्हणजे २०×६०० + १५×३२० + १०×२८० = १९,६००. महालचा १२×६०० + २५×३२० + ३०×२८० = २३,६००. दुकानदार वहीत हेच करतो: प्रत्येक पदार्थाचे किलो गुणिले भाव, आणि शेवटी बेरीज. मॅट्रिक्सचा गुणाकार म्हणजे ‘जोडीजोडीने गुणा आणि मग सगळं मिळवा’, आणि या मिळवण्यातच आतली पाटी नाहीशी होते. उत्तरात पदार्थ दिसत नाहीत ते त्यामुळे.

म्हणूनच प्रश्न नीट वाचा. ‘बर्डीच्या दुकानात बर्फीपासून किती पैसे आले?’ असं विचारलं असेल तर AB उपयोगाचा नाही, कारण त्यात बर्फी, चिवडा आणि शेव एकत्र झालेले असतात. तिथे नुसतं २०×६०० करायचं. बेरीज नको असेल तिथे मॅट्रिक्सचा गुणाकारही नको.

आता नफा. खर्चासाठी वेगळा मॅट्रिक्स करून पुन्हा सगळं करता येतं, पण भाव आणि खर्च एकाच मॅट्रिक्समध्ये शेजारी ठेवलेले बरे. दोघांच्या ओळी पदार्थांच्याच आहेत, म्हणून ते एकत्र बसतात.

```
C =            भाव   खर्च
     बर्फी      ६००   ४५०
     चिवडा      ३२०   २२०
     शेव        २८०   २००

AC =           आवक     खर्च
     बर्डी      १९६००   १४३००
     महाल       २३६००   १६९००
```

आवकेतून खर्च वजा केला की बर्डीचा नफा ५,३०० आणि महालचा ६,७०० रुपये. ताळा करायचा तर आधी किलोमागचा नफा काढा: १५०, १०० आणि ८०. त्याने A ला गुणा. बर्डीसाठी ३,००० + १,५०० + ८०० = ५,३००, महालसाठी १,८०० + २,५०० + २,४०० = ६,७००. दोन्ही वाटांनी तेच उत्तर यायलाच हवं, कारण A(भाव − खर्च) = A·भाव − A·खर्च. परीक्षेत हा ताळा दोन मिनिटांत होतो आणि बेरजेतली चूक पकडतो. पाट्यांची चूक मात्र यात सापडत नाही, ती दोन्हीकडे सारखीच शिरते.

ती चूक बहुतेक अशी होते. उदाहरणात माहिती कधी कधी पदार्थवार दिलेली असते: ‘बर्फी बर्डीला २० किलो, महालात १२ किलो, चिवडा बर्डीला १५, महालात २५...’ वाचता वाचता लिहीत गेलात की ओळी पदार्थांच्या आणि स्तंभ दुकानांचे होतात, आकार ३ × २. याच्या उजवीकडे ३ × १ चा भाव ठेवला तर गुणाकार होतच नाही, आणि हे चांगलंच, कारण चूक लगेच कळते. मग दोन वाटा आहेत. ओळींचे स्तंभ करून A परत मिळवायचा, किंवा भाव आडवा लिहून डावीकडे ठेवायचा: १ × ३ गुणिले ३ × २. तेव्हा उत्तर आडवं येतं, [१९६०० २३६००]. दोन्ही बरोबर आहेत. म्हणजे ‘विक्री नेहमी आधी’ असा नियम नाही. समान पाटी आत आली पाहिजे, एवढंच.

खरा धोका दुकानं आणि पदार्थ सारख्याच संख्येचे असले की येतो. समजा तिसरं दुकान इतवारीत आहे आणि तिथे १० किलो बर्फी, २० किलो चिवडा आणि ४० किलो शेव गेली. आता A हा ३ × ३ झाला. ओळी दुकानांच्याच ठेवून कोणी आडवा भाव डावीकडे लावला तर आकार जुळतो, गुणाकार निर्वेध होतो आणि पहिला आकडा येतो ६००×२० + ३२०×१२ + २८०×१० = १८,६४०. हा बर्डीचा गल्ला वाटतो, खऱ्या १९,६०० च्या जवळही आहे. पण नीट पाहा: २०, १२ आणि १० हे तिन्ही दुकानांतले बर्फीचेच किलो आहेत. महालच्या बर्फीला चिवड्याचा भाव लागला आणि इतवारीच्या बर्फीला शेवेचा. आकाराच्या नियमाने हे कधीच पकडलं जाणार नाही. गुणण्याआधी एक जोडी मोठ्याने वाचा, ‘बर्डीची बर्फी, बर्फीचा भाव’, आणि दुसरीही वाचा. पहिली जोडी चुकीच्या मांडणीतही जुळते, त्यामुळे दुसरी वाचणं सोडू नका.

दुसरी अडचण: दोन्ही दुकानांत भाव वेगळे असले तर? समजा महालात बर्फी ५८० आणि चिवडा ३०० रुपये किलो आहे, शेव तीच २८०. आता भावाच्या मॅट्रिक्समध्ये दोन स्तंभ होतील, ‘बर्डीचा भाव’ आणि ‘महालचा भाव’. A ला त्याने गुणलं की हे येतं:

```
               बर्डीच्या भावाने   महालच्या भावाने
     बर्डी        १९६००             १८९००
     महाल         २३६००             २२८६०
```

खरी आवक फक्त तिरप्या रेषेवर आहे, १९,६०० आणि २२,८६०, एकूण ४२,४६०. इथे चारही आकडे मिळवून ८४,९६० लिहिलं की घात झाला. उरलेले दोन आकडे निरर्थक मात्र नाहीत. १८,९०० म्हणजे बर्डीचा माल महालच्या भावाने विकला असता तर आलेले पैसे, म्हणजे ७०० रुपये कमी. असा प्रश्न विचारला असेल तर हाच गुणाकार हवा. नुसता गल्ला हवा असेल तर प्रत्येक दुकानाची ओळ त्याच्याच भावाने वेगळी गुणलेली बरी.

दुकानभाड्याचं काय? ते किलोवर नसतं, म्हणून C मध्ये तिसरा स्तंभ करून टाकू नका. तसं केलं तर भाडं किलोंनी गुणलं जाईल. रोजचं भाडं बर्डीला ८०० आणि महालात ५०० असेल, तर तो २ × १ चा वेगळा मॅट्रिक्स आहे आणि तो शेवटी वजा करायचा. एकाच भावाच्या मूळ उदाहरणात मग ४,५०० आणि ६,२०० उरतात.

मापंही पाट्यांचाच भाग आहेत. चिवडा किलोत विकला आणि भाव पाव किलोच्या पाकिटाचा दिला असेल, तर आधी चारने गुणून किलोचा भाव करा. एखादा पदार्थ एखाद्या दुकानात गेलाच नसेल तर जागा मोकळी न सोडता ० लिहा, नाहीतर पुढचे आकडे एक घर डावीकडे सरकतात.

संगणकावर ताळा करायचा असेल तर एक्सेलमध्ये विक्री B2:D3 आणि भाव G2:G4 मध्ये ठेवून हे सूत्र द्या:

```
=MMULT(B2:D3,G2:G4)
```

जुन्या आवृत्तीत आधी उत्तराची दोन्ही घरं निवडावी लागतात आणि Ctrl+Shift+Enter दाबावं लागतं. #VALUE! आलं तर आकार जुळत नाही किंवा एखादं घर रिकामं आहे असं समजा. साधं * चिन्ह इथे चालत नाही, ते घराला घर गुणतं आणि बेरीज करत नाही.