पिअर रिव्ह्यू करताना संदर्भयादी कशी तपासावी?

प्रश्न: एका जर्नलने पहिल्यांदाच मला पेपर तपासायला पाठवलाय. विषय मेडिकलचा आहे, शेवटी ५४ रेफरन्स आहेत. राहून गेलेले, असंबद्ध आणि जुने संदर्भ बघा असं फॉर्ममध्ये लिहिलंय. मग सगळे ५४ पेपर वाचायचे का?

सगळे वाचू नका, पण दहा-बारा मात्र नीट उघडून बघा. ते दहा-बारा कोणते, हे शेवटची यादी चाळून कळत नाही. त्यासाठी मजकुरातून यादीकडे जावं लागतं. मी पेपरची प्रिंट काढतो आणि ज्या वाक्याचा संदर्भ काढून घेतला तर लेखकाचा मुद्दाच कोसळेल, त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारतो. 'भारतात मधुमेह वाढतो आहे' या वाक्यामागचा संदर्भ कच्चा निघाला तरी फारसं बिघडत नाही. पण प्रस्तावनेचा शेवट, जिथे 'म्हणून आम्ही हा अभ्यास हाती घेतला' असं येतं, तिथलं प्रत्येक वाक्य तपासायलाच हवं. मेथड्समधल्या व्याख्या आणि चर्चेतली 'आमचे निष्कर्ष आधीच्या अभ्यासांशी जुळतात' अशी वाक्यंही त्यातच धरा.

मी आयसीयूत काम करतो, म्हणून तिथलंच एक उदाहरण देतो. रिव्ह्यू गोपनीय असतो, त्यामुळे ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पेपर आयसीयूतल्या रुग्णांची रक्तशर्करा ८० ते ११० मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याबद्दल होता. प्रस्तावनेत वाक्य होतं: 'कडक शर्करा-नियंत्रणाने अतिदक्षता विभागातले मृत्यू कमी होतात', आणि पुढे कंसात ५ ते १०. एका वाक्याला सहा संदर्भांचा गठ्ठा दिसला की मी तो सोडवतोच. क्रमांक ५ होता बेल्जियममधल्या ल्यूव्हेनचा २००१चा गाजलेला अभ्यास. त्यात १,५४८ रुग्ण होते आणि आयसीयूतले मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आले होते. संदर्भ अस्सल आणि वाक्याशी जुळणारा. ६ आणि ७ हे आढावा लेख निघाले, आणि दोन्हींचा आधार पुन्हा तोच २००१चा अभ्यास. ८ उंदरांवरचा. ९ लहान मुलांवरचा, या पेपरमधले रुग्ण सगळे प्रौढ. १० वॉर्डातल्या रुग्णांबद्दलचा, त्यात मृत्यूंची आकडेवारीच नव्हती. म्हणजे सहा आकडे दिसत होते, पण पुरावा एकच. असंबद्ध संदर्भ बहुतेक वेळा असेच सापडतात. शीर्षकावरून ते शोभून दिसतात. गोषवारा उघडून रुग्ण कोण होते आणि मोजलं काय, एवढं पाहिलं की वाक्याशी नातं नाही हे लक्षात येतं.

मग राहून काय गेलंय? यासाठी मी मुख्य संदर्भ गूगल स्कॉलरवर काढतो, त्याखालच्या `Cited by`वर जातो आणि त्या निकालांत 'randomized' किंवा 'meta-analysis' असे शब्द टाकून शोधतो. पुढे त्या कामाचं काय झालं ते तिथे दिसतं. इथे पहिल्याच पानावर नाइस-शुगर ही कडक नियंत्रणाचीच मोठी चाचणी होती, २००९ची: ६,१०४ रुग्ण. कडक नियंत्रणाच्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के मृत्यू, दुसऱ्या गटात २४.९ टक्के. म्हणजे मृत्यू वाढलेच. शर्करा ४० किंवा त्याखाली जाण्याचं प्रमाण ६.८ टक्के विरुद्ध ०.५ टक्के. पुढे २०२३ मध्ये खुद्द ल्यूव्हेनच्याच गटाने, शिरेतून लवकर पोषण न देता, ९,२३० रुग्णांवर पुन्हा चाचणी घेतली. कडक नियंत्रणाचा मृत्यूंवर फायदा दिसला नाही. ५४ संदर्भांत या दोन्हींपैकी एकही नव्हता.

राहून गेलेला संदर्भ म्हणजे मला हे अभिप्रेत असतं: जो आला तर पेपरचं एखादं वाक्य बदलावं लागेल. एकाच बाजूचे आणखी चार पेपर जोडायला सांगण्यात अर्थ नाही. आपल्या विरोधात जाणारा पुरावा लेखकाने वगळलाय का, हेच आधी बघा.

जुन्या संदर्भांबाबत वर्ष मोजत बसू नका. 'गेल्या पाच वर्षांतले संदर्भ फार कमी' असा शेरा मला पटत नाही. याच पेपरात आजाराची तीव्रता मोजणाऱ्या अपाचे-२ स्कोअरसाठी १९८५चा मूळ पेपर दिला होता आणि तो बरोबर होता. स्कोअर तोच वापरला, तर श्रेय त्यालाच. २००१चा अभ्यासही जायला नको होता, फक्त एकटा राहायला नको होता. अडचण दुसरीकडे होती. रुग्ण २०१८ नंतरचे, पण सेप्सिसची व्याख्या १९९२ची. २०१६ मध्ये ती बदलून अवयव निकामी होण्यावर आधारली गेली. जुनी व्याख्या धरली की साधा ताप आणि वाढलेली नाडी असलेले रुग्णही सेप्सिसमध्ये मोजले जातात, आणि मृत्यूचं प्रमाण आपोआप कमी दिसतं. असा जुना संदर्भ आकडेच बिघडवतो.

यांत्रिक तपासणी मात्र सगळ्या ५४ची करा, तासाभराचं काम आहे. `https://doi.org/` पुढे डीओआय टाकून उघडणारा पेपर तोच आहे का ते बघा. यादीत 'The art of writing a scientific article' दिसलं तर थांबा: तो पेपर अस्तित्वातच नाही, लेखकांसाठीच्या नमुन्यात दाखवलेला काल्पनिक संदर्भ आहे, तरी शेकडो पेपरांत तो शिरलाय. मागे घेतलेले पेपर पबमेडवर ठळक सूचनेसह दिसतात; झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये यादी भरली तर तेही इशारा देतं. मागे घेतलेला पेपर उद्धृत करणं नेहमीच चूक नसतं, पण तो मागे घेतलाय हे मजकुरात लिहिलेलं हवं.

अहवालात 'साहित्याचा आढावा अपुरा' असं मोघम लिहू नका. मी लिहिलं होतं: 'पान २, ओळ १४: संदर्भ ६ ते १० या विधानाला स्वतंत्र आधार देत नाहीत. २००९ आणि २०२३च्या चाचण्यांचे निष्कर्ष उलट किंवा तटस्थ आहेत. त्यांच्यासह परिच्छेद नव्याने मांडावा. ४० मिलिग्रॅमखाली गेलेल्या रुग्णांची संख्या निकालांत द्यावी. सेप्सिसचे रुग्ण २०१६च्या व्याख्येने पुन्हा मोजावेत.' तुमचा स्वतःचा पेपर खरोखर राहून गेला असेल, तर तो लेखकाला सुचवण्याआधी संपादकासाठीच्या खासगी रकान्यात तसं स्पष्ट सांगा. लेखकाचे स्वतःचेच बारा-पंधरा संदर्भ विनाकारण घुसलेले दिसले, तर तेही तिथेच लिहा.

तो पेपर तीन महिन्यांनी परत आला. शीर्षकातला 'फायदा' हा शब्द गेला होता, आणि आधी कुठेच नसलेल्या एका नव्या तक्त्यात शर्करा ४०च्या खाली गेलेले अकरा रुग्ण होते.