अनुवादात शिवीचं वजन

प्रश्न: "एका इंग्रजी किशोरकादंबरीचा मराठी अनुवाद करतेय. सोळा वर्षांचा नायक दर दोन वाक्यांआड शिवी घालतो. प्रकाशक म्हणतात, पुस्तक शाळांच्या वाचनालयांत जायचंय, शिव्या काढून टाका. काढू का? नाहीतर मर्यादा कुठे आखू?"

सरसकट काढू नका. पण जशाच्या तशा उतरवायलाही जाऊ नका. प्रत्येक शिवी त्या जागी काय काम करतेय ते आधी बघा, शब्द नंतर शोधा. हे नीट दिसतं ते जे. डी. सॅलिंजरच्या 'द कॅचर इन द राय'मध्ये. ही कादंबरी १९५१ची. किशोरांसाठी म्हणून ती निघाली नव्हती, पण किशोरांनी तिला आपलं केलं आणि अमेरिकेतल्या शाळांमध्ये तिच्या भाषेवरून वर्षानुवर्षं भांडणं झाली.

तिचा नायक होल्डन दोन पातळ्यांवरच्या शिव्यांशी जोडलेला आहे. पहिली पातळी त्याच्या स्वतःच्या तोंडातली. 'गॉडॅम' हा शब्द पुस्तकात दोनशेहून जास्त वेळा येतो. तो कुणाला दिलेला नसतो. शाळा गॉडॅम, पाऊस गॉडॅम, टोपी गॉडॅम. ही सवयीची कुरकुर आहे.

मराठीत अडचण होते ती इथे. आपल्या जड शिव्या बहुतेक आई-बहिणीवरून जातात, म्हणजे त्या कुणाला तरी लागतात. इंग्रजीतली नुसती चिडचीड मराठीत आईवरून गेली की वाक्यात मारामारी सुरू झाल्यासारखं वाटतं. उलट 'छे!', 'अरे देवा!' असं लिहिलं की सोळा वर्षांचा मुलगा आजोबांसारखा बोलायला लागतो. 'मेली ती शाळा' हे वजनाला बरोबर आहे, पण ते घरातल्या बायकांच्या बोलण्यातलं. हा मुलगा तसं बोलणार नाही.

म्हणून मी अशा ठिकाणी दोनच शब्द धरून ठेवीन, 'च्यायला' आणि 'साला'. "मला त्या गॉडॅम शाळेत परत जायचं नाही" याचं "मला त्या साल्या शाळेत परत जायचं नाहीये" होतं. 'साला' विशेषणासारखा कुठेही सरकतो, नामाबरोबर त्याचं रूपही बदलतं. 'च्यायला' मात्र वाक्याच्या तोंडाशी किंवा शेवटीच बसतो, त्यामुळे एका वाक्यात तो दोनदा आला की कृत्रिम वाटतो. अशा वेळी एक गाळा, किंवा तिथे 'भिकार', 'फालतू' घाला. मात्र शब्दसंपत्ती दाखवायला दहा वेगवेगळ्या शिव्या पेरू नका. तेच तेच शब्द पुन्हापुन्हा येणं हाच होल्डनचा आवाज आहे.

वजन बरोबर पडलंय का हे कळायला कादंबरीतच एक काटा ठेवलेला आहे. होल्डनची दहा वर्षांची बहीण फीबी त्याला इतक्या शिव्या देऊ नकोस म्हणून टोकते. सगळ्या शिव्या धुऊन टाकल्या असतील तर "किती शिव्या देतोस रे!" हे वाक्य मराठी वाचकाला कळणारच नाही. आणि खूपच जड घातल्या असतील तर फीबी नुसती टोकून थांबली, हे पटणार नाही. तुमच्या कादंबरीतही असं कुणीतरी असेल. शिवी ऐकून कोण दचकतं, कोण लक्षही देत नाही, ते बघा. मूळ पुस्तकात कुणी दचकत नसेल तिथे वाचकालाही दचकवू नका.

दुसरी पातळी भिंतीवरची. पंचविसाव्या प्रकरणात होल्डन फीबीच्या शाळेत जातो, तेव्हा भिंतीवर कुणीतरी 'फक यू' लिहिलेलं त्याला दिसतं. लहान मुलं हे वाचतील या विचाराने तो कासावीस होतो आणि हाताने पुसून टाकतो. दुसऱ्या जिन्यात तेच चाकूने कोरलेलं असतं, ते पुसलं जात नाही. पुढे संग्रहालयात पुन्हा तेच, लाल क्रेयॉनने लिहिलेलं. हा शब्द पुस्तकात फक्त याच प्रकरणात येतो.

रीटा राइत-कोवाल्योवा यांचा रशियन अनुवाद १९६०मध्ये एका मासिकात आला. सोव्हिएत छापखान्यात हा शब्द जाणं शक्यच नव्हतं, म्हणून त्यांनी भिंतीवर 'घाणेरडं काहीतरी' लिहिलं होतं अशा अर्थाचा एकच शब्द वापरला. अनुवाद अतिशय गाजला आणि तो सुंदर आहेच. पण या प्रसंगात वाचकाला होल्डनचं मत कळतं, त्याला बसलेला धक्का कळत नाही. मुलांना वाईट शब्दांपासून वाचवायला धडपडणारा मुलगा दाखवायचा आणि तो शब्द संपादकाने आधीच पुसून ठेवायचा, तर होल्डनला पुसायला उरलं काय? फुल्या-फुल्या टाकल्या तरी तेच होतं. २००८मध्ये मॅक्स नेमत्सोव यांनी नवा रशियन अनुवाद केला, त्यात रस्त्यावरची बोली इतकी ओतली की होल्डन दुसऱ्याच मोहल्ल्यातला वाटतो अशी टीका झाली.

मराठीत मी या एका प्रकरणात 'फक यू' असंच देवनागरीत ठेवीन. भिंत न्यू यॉर्कची आहे, आणि आपल्याकडच्या बाकांवरही मुलं हेच कोरतात. उसन्या शिवीचं वजन मराठी कानाला आईवरच्या शिवीपेक्षा कमी लागतं, त्यामुळे प्रकाशकालाही ती झेपते.

आता प्रकाशकांच्या मर्यादेबद्दल. रशियात ही रेघ कायद्याने मारली आहे. २०१२पासून पुस्तकांवर ६+, १२+, १६+, १८+ असे वयाचे शिक्के येतात. सौम्य शिव्या १६+ला चालतात, खरी अश्लील शिवी फक्त १८+ला, आणि २०१४पासून असं पुस्तक प्लास्टिकच्या वेष्टनात, इशारा छापून विकावं लागतं. तिथल्या अनुवादकाचा शब्द बऱ्याचदा शिक्क्यावरून ठरतो. भारतात शब्दागणिक असा नियम नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४मध्ये एका वेबमालिकेच्या खटल्यात म्हटलं, की शिवराळपणा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे. म्हणजे तुमच्या प्रकाशकाची भीती कायद्यापेक्षा शाळांच्या खरेदीची आणि पालकांच्या तक्रारीची आहे. ती खोटी नाही, पण तिच्याशी बोलता येतं.

बोलताना आधी करार मागून बघा. अनुवादाच्या हक्कांच्या करारात बहुतेक वेळा असं कलम असतं, की अनुवाद मुळाशी प्रामाणिक असावा आणि हक्कधारकाच्या लेखी संमतीशिवाय काटछाट करू नये. म्हणजे "शिव्या काढा" हा निर्णय प्रकाशक एकटा घेऊ शकत नाही, हे त्यांना शांतपणे दाखवता येतं.

आणखी एक, प्रदेश. 'आयचा घो' मालवणीत उठताबसता ऐकू येतं, घो म्हणजे नवरा. पण २०१०मध्ये ते सिनेमाच्या नावात आलं तेव्हा आक्षेप घेतले गेले. तुमचा वाचक फक्त कोकणातला नसेल, तर असे शब्द तिथल्याच पात्राच्या तोंडी ठेवा.

पहिली पन्नास पानं झाली की एक तक्ता करा: मूळ शब्द, तो कुणाला उद्देशून आहे का, ऐकणारा दचकतो का, तुमचा मराठी शब्द. कुरकुरीच्या जागी प्रकाशकाने हात फिरवला तर फारसं बिघडत नाही, तिथे सोडून द्या. जिथे शिवी हाच प्रसंग आहे अशा जागा दोन-चारच निघतील. तेवढ्या जागांची पूर्ण पानं तक्त्याबरोबर पाठवा आणि तेवढ्यांसाठीच अडून बसा.