'रु काढा, मास् लावा' एवढ्यावर भागत नाही

सेन्सेई, जपानी क्रियापदाच्या शेवटी 'मासु' म्हणायचं की 'मास्'?

मास्. शेवटचा उ लिहायचा, बोलताना तो जवळजवळ ऐकूच येत नाही. भूतकाळाचं माशिता पण कानाला माश्ता असंच येतं.

मास् वर्तमानकाळ आहे ना, मग 'उद्या जाईन' कसं म्हणायचं?

आशिता इकिमास्. मास् रोजच्या गोष्टीला पण आणि पुढच्या पण, आपण 'उद्या जातो' म्हणतोच की. आत्ता या क्षणी खाताय तर मात्र ताबेते इमास्.

'काल घरी परत आलो' ला मी 'किनो उचि ए काएमाशिता' लिहिलं तर चूक दिली. काएरुचा रु काढून माशिता लावायचं असं रीलमध्ये सांगितलं होतं.

चूक बरोबर दिलीये. या रीलवाल्यांमुळे दर बॅचला हेच होतं, तीस सेकंदात सगळी क्रियापदं शिकवतो म्हणतात आणि नियमाचा अर्धाच भाग सांगतात. क्रियापदांचे गट असतात, आणि रु काढून मास् फक्त दुसऱ्या गटाला, ताबेरु ताबेमास्, मिरु मिमास्. पहिल्या गटात शेवटच्या उ चा इ होतो, काकु काकिमास्, आणि रु चा रि, नोरु नोरिमास्.

आता गट ओळखायचा कसा? रु च्या आधी आ, उ किंवा ओ असेल तर पहिला गट नक्की, वाकारु, त्सुकुरु, नोरु, फक्त सुरु आणि कुरु ही दोन अनियमित सोडून. इ किंवा ए असेल तर बहुतेक दुसरा, पण बहुतेकच, आणि पोरं नेमकी तिथेच अडकतात. काएरु म्हणजे परतणं हे पहिल्या गटात, म्हणून काएरिमाशिता. बदलणं हे पण काएरुच, पण ते दुसऱ्या गटात, त्याचं काएमाशिता. म्हणजे तुम्ही 'बदललं' लिहून आलात. किरुचं पण तेच, कापणं किरिमास्, अंगात घालणं किमास्. हाइरु, हाशिरु, शिरु हेही पहिल्या गटातले. शंका आली तर नकार बघा, काएरानाइ मध्ये रा टिकतो, काएनाइ मध्ये रु पूर्ण जातो.

आणि फक्त मास् रूप पाठ करू नका. मास् च्या आधी ए असेल तर दुसरा गट पक्का, पण इ असेल तर त्यावरून कळत नाही. ओकिमास् म्हणजे उठणं (ओकिरु) की ठेवणं (ओकु)? उच्चार पण सारखाच. त्यामुळे वहीत मूळ रूप, मास् रूप आणि गट पहिल्या दिवसापासून शेजारी शेजारी लिहा, परीक्षेच्या आठवड्यात चार्ट घेऊन बसलात तर हे बसत नाही. नवीन शब्दाचा गट डिक्शनरीत बघा, तरी खात्री नसेल तर वही घेऊन आपल्या सेन्सेईंना दाखवा, अंदाजाने पन्नास वाक्यं लिहून चूक पक्की करू नका.

'प्यायलो नाही' ला 'नोमिमासेन माशिता' चालेल?

नाही. नोमिमासेन देशिता. 'नोमिमास् देशिता' पण नाही, प्यायलो तर नुसतं नोमिमाशिता. ड्रिलमध्ये ही चूक परत परत येत असेल तर सेन्सेईंसमोर मोठ्याने म्हणून दाखवा.