आवाज त्याचाच होता

"मुलाच्या आवाजात रडत फोन आला आणि मी पैसे पाठवून बसले. आईला स्वतःच्या मुलाचा आवाज ओळखता येऊ नये? आता फोन वाजला तरी धस्स होतं. सून म्हणते, घरात एक परवलीचा शब्द ठरवू. पण आपल्याच लेकराकडे शब्द मागायचा म्हणजे कसंतरीच वाटतं. त्याचा खरंच उपयोग होतो का?"

अगदी असाच फोन आलेल्या एक काकू काही महिने माझ्याकडे समुपदेशनासाठी येत होत्या. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून त्यांची गोष्ट सांगते.

पहिल्या भेटीत त्या एकच वाक्य धरून बसल्या होत्या, "मला कळायला हवं होतं." मी समजूत घातली नाही. कोरा कागद दिला आणि तो फोन नाटकासारखा लिहून काढायला सांगितला. कोण बोललं, काय बोललं, एकाखाली एक. अर्ध्या तासाने कागद माझ्याकडे सरकवताना त्यांच्याच लक्षात आलं, की मुलाच्या वाट्याला जेमतेम तीन वाक्यं होती. "आई, माझ्या हातून अपघात झालाय." "आई, कुणाला सांगू नकोस." "यांच्याशी बोल." पुढची दहा-बारा मिनिटं एक 'वकील' बोलत होता. मधे काकूंनी विचारलं होतं, "तू आहेस कुठे?" त्यावर उत्तर आलंच नव्हतं. पुन्हा तेच, "आई, कुणाला सांगू नकोस." हे त्यांना कागदावर दिसलं, फोनवर असताना नाही.

तीनच वाक्यं का, हे समजलं की अपराधीपणा बराच उतरतो. आवाजाची नक्कल करायला आता तासन्‌तास रेकॉर्डिंग लागत नाही. 2023 च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी अवघ्या तीन सेकंदांच्या नमुन्यावरून एखाद्याच्या आवाजात नवी वाक्यं बोलवून दाखवली होती. काकूंच्या मुलाचे तर कितीतरी व्हिडिओ सगळ्यांना दिसतील असे पडलेले होते. अशी वाक्यं आधी तयार करून ऐकवणं सोपं असतं. पण घाबरलेली आई मधेच काहीही विचारते, आणि तिथे तयार वाक्यं अपुरी पडतात. म्हणून आवाजाकडून फक्त दार उघडून घ्यायचं आणि पुढचं काम खऱ्या माणसाने करायचं. (बोलता बोलता आवाज बदलणारी साधनंही आहेत, त्यामुळे "दोन-चार प्रश्न विचारले की सोंग उघडं पडेल" या भरवशावर राहू नका.)

राहता राहिला कान. साध्या फोनवर आवाजाचा मधला पट्टाच येतो, साधारण 300 ते 3400 हर्ट्झ. नकलेतले बारीक दोष त्यात गळून जातात. वर रडणं, धाप, मागे गाड्यांचा आवाज. उरलेल्या फटी आपलं मन भरून काढतं. काकूंनी आवाज ओळखण्यात चूक केलीच नव्हती. तो त्याचाच आवाज होता, बोलणारा मात्र तो नव्हता. आवाज पटला म्हणजे माणूस पटला, हे आजवर बरोबर ठरत आलेलं गणित तेवढं आता चालत नाही.

मग ओळखायचं कशावरून? माझ्या मते आवाजाकडे कान लावूच नये, फोनचा साचा बघावा. आधी रडणं, लगेच तिसरा माणूस, लगेच पैसे आणि 'कुणाला सांगू नका'. या सगळ्यांत काकूंच्या कागदावरची एक ओळ मला सर्वांत बोलकी वाटली. वकील चारदा म्हणाला होता, "फोन कट करू नका." का? कारण फोन कट केला असता तर पुढच्या मिनिटाला त्यांनी मुलालाच लावला असता. स्क्रीनवर मुलाचं नाव दिसलं तरी तो पुरावा नव्हे, येणाऱ्या फोनचा नंबर खोटा दाखवता येतो. आपण फोन ठेवून, आपल्याकडे साठवलेला नंबर स्वतः लावणं ही वेगळी गोष्ट आहे. काकूंनी एकदा पैसे पाठवलेच होते. दुसऱ्यांदा पाठवणार तेवढ्यात मुलगी खोलीत आली आणि तिने भावाला फोन लावला. तो कामावर होता, धडधाकट. बँकेला आणि सायबर पोलिसांना त्याच तासात कळवलं म्हणून थोडी रक्कम अडवता आली. असं घडलं तर लाजेपायी दुसऱ्या दिवसावर ढकलू नका, पैसे पुढच्या खात्यांत फार पटकन सरकवले जातात.

आता तुमचा परवलीचा शब्द. या घराने पहिला निवडला तो नातीचं लाडाचं नाव, जे तिच्या प्रत्येक वाढदिवसाच्या फोटोखाली लिहिलेलं होतं! तो रद्द केला. मग काहीही संबंध नसलेले दोन शब्द ठरले. खरे सांगत नाही, पण 'उलटी छत्री' या धाटणीचे. मेसेजमध्ये लिहायचे नाहीत, समोरासमोर सांगायचे, कारण कुणाचं खातं चोराच्या हाती गेलं तर जुने मेसेजही जातात.

एवढ्यावर मी त्यांना सोडलं नाही. मुलगा बाहेरच्या खोलीत गेला आणि मित्राच्या नंबरवरून त्याने आईला फोन लावला. रडवेला आवाज काढला. काकूंनी शब्द विचारला. तो म्हणाला, "आई, आत्ता काही सुचत नाहीये गं." आणि काकू चटकन म्हणाल्या, "अरे, ते छत्रीचं नाही का!"

आम्ही सगळे हसलो, काकूसुद्धा. पण शब्द ठरवूनही घरं फसतात ती इथेच. पोर अडचणीत दिसलं की आई उत्तर पुरवते. म्हणून आम्ही शब्दापेक्षा मागणाऱ्याचंच वाक्य पक्कं केलं. "शब्द सांग." आणि पुढे गप्प. अर्धा शब्दही सुचवायचा नाही. आला नाही तर "ठेवते" म्हणून ठेवायचा आणि साठवलेला नंबर लावायचा. तो लागला नाही तर त्याच्याबरोबर असणाऱ्या एकाचा, तोही नंबर आधीच घेऊन ठेवलेला. शब्द एकदा कुणा परक्यासमोर उच्चारला गेला की बदलायचा.

तुम्हाला जे 'कसंतरीच' वाटतं, तेच काकूंनाही वाटत होतं. तिथे मी मुलाला मधे घेतलं. त्याच्या तोंडून आलं, "आई, तू विचारलंस तर मला राग येणार नाही. न विचारता पैसे पाठवलेस तर येईल." ही परवानगी मुलाकडूनच मिळावी लागते, समुपदेशकाने देऊन भागत नाही. तुमच्या मुलाला हा परिच्छेद जरूर वाचायला द्या. शिवाय प्रत्येक फोनला शब्द मागायचा नाही. पैसे, ओटीपी किंवा 'कुणाला सांगू नकोस' यांतलं काही निघालं तरच. ही सीमा आखल्यावर काकू रोजचे फोन पुन्हा बिनघोर घ्यायला लागल्या.

चारेक महिन्यांनी मुलाने खरंच अनोळखी नंबरवरून फोन केला. फोन आणि पाकीट दोन्ही हरवलं होतं, पैसे हवे होते. काकू म्हणाल्या, "शब्द सांग." घाईगडबडीत त्याला तो आठवेना. काकूंनी फोन ठेवला, त्याच्या सहकाऱ्याला लावला आणि त्याला मुलापर्यंत पाठवलं. या सगळ्यात वीस मिनिटं गेली. "चिडला होता का?" मी विचारलं. "चिडला की," काकू म्हणाल्या, "पण त्याने छत्रीसुद्धा म्हटलं नाही हो, मी काय करणार!"