मीठ आणि पोटॅशियम क्लोराइडच्या मिश्रणाचं गणित

प्रश्न: सोडियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइडचं ०.५०० ग्रॅम मिश्रण, सिल्व्हर नायट्रेट जास्त घातल्यावर १.१२० ग्रॅम सिल्व्हर क्लोराइड मिळालं. दोन्ही किती ते कसं काढायचं? माझं उत्तर ५७ टक्के येतंय, पुस्तकात ६० आहे.

तुमची पद्धत बरोबर असणार, आकडे लवकर राउंड केलेत एवढंच वाटतंय. सोडियम क्लोराइड x ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड y ग्रॅम धरा, मग पहिलं समीकरण x + y = ०.५००. दुसरं सिल्व्हर क्लोराइडवरून. ५८.४४ ग्रॅम सोडियम क्लोराइड १४३.३२ ग्रॅम अवक्षेप देतं, म्हणजे एका ग्रॅमला २.४५२, आणि पोटॅशियमचा अणू जड असल्यामुळे ७४.५५ ग्रॅममधून तेवढाच अवक्षेप, म्हणजे एका ग्रॅमला १.९२२ च.

२.४५२x + १.९२२y = १.१२०

y च्या जागी ०.५०० − x टाका, ०.५३०x = ०.१५९ उरतं, x = ०.३००. म्हणजे ६० टक्के. आता २.५ आणि १.९ घेऊन बघा, x ०.२८३ येतो, म्हणजे तुमचे ५७ टक्के.

हे इतकं का हलतं? २.४५२ आणि १.९२२ मधला फरक फक्त ०.५३०, आणि शेवटी सगळं त्यानेच भागायचंय. त्यामुळे वजनातली चूकही वाढूनच उत्तरात उतरते. अवक्षेप नीट न वाळवता १० मिलिग्रॅम पाणी त्यात राहिलं तर सोडियम क्लोराइड १९ मिलिग्रॅम जास्त दिसतं.

मूळ मिश्रण ओलं असेल तर हाल अजून वाईट, आणि याकडे कुणी बघतच नाही. मी पुण्यात प्रॅक्टिकल घेतो, जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या हवेत बाटलीतलं मीठ चमच्याला चिकटतं आणि पोरं तसंच वजन करायला घेतात. ०.५०० मध्ये १० मिलिग्रॅम जरी पाणी असलं तरी सोडियम क्लोराइड तब्बल ३६ मिलिग्रॅमने कमी येतं, कारण इथे चूक आधी १.९२२ ने गुणली जाते आणि मग ०.५३० ने भागली जाते. म्हणून मिश्रण आधी ओव्हनमध्ये ११० अंशाला वाळवून, डेसिकेटरमध्ये गार करून मगच वजन करायचं. अवक्षेप धुताना पण नुसतं पाणी नको, थोडं नायट्रिक अॅसिड घातलेलं घ्या, नाहीतर तो इतका बारीक होतो की फिल्टरमधून निघून जातो.

आणि समीकरणं सोडवायच्या आधी एक चेक कराच. सगळंच पोटॅशियम क्लोराइड असतं तर ०.९६१ ग्रॅम मिळालं असतं, सगळंच सोडियम क्लोराइड असतं तर १.२२६. मिळालेलं वजन या दोघांच्या बाहेर गेलं तर x किंवा y उणे येतो, आणि मग गणित परत करत बसण्यात अर्थ नाही, नमुना ओला होता का, सिल्व्हर नायट्रेट कमी पडलं का, की मिश्रणात तिसरंच काही आहे ते आधी शोधा. मात्र तिसरा पदार्थ थोडाच असेल तर वजन या हद्दीतच राहतं आणि उत्तर चुकीचं असूनही अगदी व्यवस्थित दिसतं, दोन समीकरणांतून ते कळायचा मार्ग नाही.